‘साल’ आणि ‘शाल’ : सळसळीचा तोल कोठे पडतो?

श्रोतेहो, ‘साल’ आणि ‘शाल’ हे दोन शब्द सावकाश उच्चारून पाहा. दोहोंच्या आरंभी कंठ स्वस्थ असतो. ऐकू येते ती केवळ फटीतून निसटणाऱ्या हवेची सळसळ. ‘स’ म्हणताना ती फट दातांच्या मुळाशी असते. ‘श’ म्हणताना जीभ मागे सरून टाळूकडे उचलली जाते, आणि फटीच्या पुढची पोकळी मोठी होते. तांब्यापेक्षा घागरीचा नाद खालचा, तसाच येथेही प्रकार. ‘श’ची सळसळ खालच्या पट्टीत भरते, ‘स’ची वरच्या.

परंतु सळसळीला सतारीच्या तारेसारखा एक सूर नसतो. ती अनेक कंपनसंख्यांवर विखुरलेली असते. मग ध्वनिमुद्रणातून फरक मोजावा कसा? यासाठी तिच्या वर्णपटाचा गुरुत्वमध्य काढतात. प्रत्येक कंपनसंख्येला तेथील शक्तीने गुणायचे, बेरीज करायची, आणि एकूण शक्तीने भागायचे. दांडीवर वजने टांगून तोल कोठे पडतो ते पाहावे, तसेच हे.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. ‘स’ची शक्ती 2000, 4000, 6000 आणि 8000 हर्ट्झवर अनुक्रमे 1, 2, 5 व 2 भाग आहे असे समजा. गुणाकारांची बेरीज 56000. दहांनी भागता तोल 5600 वर पडतो. ‘श’चे भाग 3, 5, 1 व 1 धरले, तर तो 4000 वर येतो. मोजणी मात्र सळसळीच्या मधल्या तुकड्याची करावी, नाहीतर पुढचा ‘आ’ हिशेबात शिरतो.

आता खरी मेख पाहा. मुद्रणात विजेची 50 हर्ट्झची घरघर मिसळली, आणि तिची शक्ती सळसळीच्या एकूण शक्तीइतकी, म्हणजे 10 भाग, असली तर? त्याच ‘स’चा तोल 5600 वरून 2825 वर कोसळतो, म्हणजे स्वच्छ मुद्रणातील ‘श’च्याही खाली! कानाला ‘साल’ स्पष्ट ऐकू येते आणि आकडा ‘शाल’ सांगतो. असा विसंवाद दिसला की वर्णपटाच्या डाव्या टोकाला उंच सुळका आहे का ते पाहावे. पाचशे हर्ट्झखालचा भाग आधी गाळून टाकला की आकडा ठिकाणावर येतो.

जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवर मात्र इलाज नाही. तो सुमारे 3400 हर्ट्झच्या वरचे काही पोहोचवीतच नाही, आणि ‘स’चा मुख्य भार तर तेथेच असतो. राहिलेल्या तळाशी दोन्ही वर्णांचे तोल जवळजवळ येतात. म्हणून तर नाव सांगताना ‘सरोवरातला स’ असे म्हणावे लागते.

आणखी एक. लहान मुलाचे तोंड लहान, त्यामुळे त्याच्या ‘श’चा तोल एखाद्या धिप्पाड पुरुषाच्या ‘स’च्या जवळ जाऊ शकतो. अमुक आकड्याच्या वर ‘स’ आणि खाली ‘श’ अशी सर्वांना एकच रेघ आखता येत नाही. ज्याचा ‘स’ मोजायचा, त्याच्याच ‘श’शेजारी तो ठेवावा लागतो.