शंभराला किती कमी, किती जास्त?

९८, ९७, १०४ आणि ८९ यांची तोंडी बेरीज करताना हातचे सांभाळता सांभाळता दमछाक होते. वैदिक गणितात याच संख्या शंभरापासूनच्या अंतराने वाचतात: दोन कमी, तीन कमी, चार जास्त, अकरा कमी.

संख्या चार, म्हणून पाया ४००. अंतरांची बेरीज उणे १२. उत्तर ३८८.

कमी किती हे काढायला भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’मधलं ‘निखिलम्’ सूत्र कामी येतं. शेवटचा अंक दहातून आणि बाकीचे नवातून वजा करायचे. ८९ मधल्या ८ चा होतो १, ९ चाही १, म्हणजे ११.

घोटाळा होतो तो १०४ पाशी. बाकीच्या संख्या शंभराहून लहान, त्या भरात हे चारही वजा केले जातात आणि उत्तर ३८० येतं. ही चूक लगेच पकडता येते. फक्त एककांचे अंक मिळवून बघावेत: ८, ७, ४, ९ मिळून २८, तेव्हा उत्तराच्या शेवटी ८ हवाच.

यादीत ६३ आले, तर अंतरच ३७ चं पडतं. अशी संख्या बाजूला ठेवून शेवटी सरळ मिळवणं सोपं.