शेवटचा सा एकच, शेवट मात्र वेगळे

आपल्याकडे गाणं संपल्याचं सूर आणि सम सांगतात. सा वर येऊन सम गाठली की श्रोत्याला दुसऱ्या पुराव्याची गरज लागत नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र सुरावट सा वर पोहोचली तरी ओळ संपली की नाही, हे त्या सुराखाली कोणते सूर एकत्र वाजताहेत यावर ठरतं. ओळीच्या शेवटी एका स्वरसमूहाकडून, म्हणजे कॉर्डकडून, दुसऱ्याकडे जाण्याच्या या वळणाला केडन्स म्हणतात. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत आणि चारही समजून घ्यायला ‘हॅप्पी बर्थडे’ची चाल पुरते. पांढरी एकचा सा धरला तर सगळं पांढऱ्या पट्ट्यांवरच वाजतं.

पहिली ओळ मंद्र प वर सुरू होते आणि सा ला नुसती शिवून नि वर थांबते. त्या नि खाली प-नि-रे हा कॉर्ड असतो. हा झाला हाफ केडन्स. ओळ थांबली आहे, पण गाणाऱ्याने श्वास घेतलाय इतकंच. प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी तसं वाटतं. तिथेच गाणं बंद करून पाहा, खोलीतलं कुणीतरी पुढची ओळ म्हणून टाकेल.

दुसरी ओळ जवळजवळ तीच आहे, फक्त शेवटी रे वरून सा वर उतरते. खाली प-नि-रे नंतर सा-ग-प येतो. हा ऑथेंटिक केडन्स, चौघांत सर्वांत ठाम. त्याचं कारण सुरांच्या अंतरात आहे. नि आणि सा यांत अर्ध्याच सुराचं अंतर असल्याने नि वर ओढला जातो. प-नि-रे मध्ये म मिसळला, आणि बहुतेक वादक तो मिसळतातच, की तो म सुद्धा अर्ध्या सुराने ग वर उतरायला पाहतो. नि आणि म एकत्र वाजताना कर्कश ताण ऐकू येतो. सा-ग-प आल्यावर दोघेही एकाच वेळी घरी पोहोचतात. डाव्या हाताचा खालचा सूर प वरून थेट सा वर येतो, तेव्हा त्यावर शिक्काच बसतो.

तिसऱ्या ओळीत, नाव घेताना, सगळे ध वर रेंगाळतात आणि खाली म-ध-सा असतो. हा रेंगाळ लाडाचा आहे. चार केडन्सपैकी एकातही तो बसत नाही, आणि बसवायचा अट्टहासही करू नये.

खरी गंमत चौथ्या ओळीत. म म ग सा रे सा असे सूर नेहमीसारखेच म्हणा, पण शेवटच्या सा खाली सा-ग-प ऐवजी ध-सा-ग वाजवा. सुरावट घरी पोहोचली, तरी पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. हा डिसेप्टिव्ह केडन्स. सा आणि ग दोन्ही कॉर्डमध्ये असल्यामुळे कान आधी विश्वास ठेवतो, मग खालून ध येतो आणि रंग उदास होतो. इथे नवशिक्याची चूक ठरलेली असते: तो सगळी बोटं एकदम एकेक पट्टी वर सरकवतो, आणि वळण भोंगळ ऐकू येतं. खालचा सूर प वरून ध वर चढावा, नि सा वर जावा, आणि वरचा रे सा वर उतरावा. या जागी गाणं सोडता येत नाही. चौथी ओळ पुन्हा म्हणून ऑथेंटिक शेवट द्यावाच लागतो, आणि उशिरा मिळालेला तो शेवट जास्त गोड लागतो. ओळ लांबवायची असली की संगीतकार हीच युक्ती वापरतात.

गाणं नीट संपल्यावर तोच सा धरून ठेवा. खाली एकदा म-ध-सा आणि मग सा-ग-प वाजवा. हा प्लेगल केडन्स. यात नि नाही, म्हणून ओढही नाही; सा तर दोन्ही कॉर्डमध्ये जागचा हलत नाही. ताण न सुटता नुसती शांतता पसरते. चर्चमध्ये स्तोत्राअखेरचं ‘आमेन’ याच वळणावर गायलं जातं. गोव्यात चर्चच्या गायनात वाढलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हॅन्डेलने 1741 साली लिहिलेल्या ‘मसाया’मधला प्रसिद्ध ‘हालेलुया’ समूहस्वरही असाच संपतो. तिथे प्लेगल वळण शांत नाही, प्रचंड आहे. म्हणजे प्रत्येक केडन्सची भावना ठरलेली असली, तरी लय आणि आवाजाची ताकद तिला बरंच वळवू शकतात.

या दोन वळणांचा सर्वांत धाडसी वापर मला वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’मध्ये दिसतो. हा ऑपेरा 1865 साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला. प्रस्तावनेतला पहिला मोठा शेवट वाग्नर डिसेप्टिव्ह केडन्सने हुलकावतो, आणि सुमारे चार तासांच्या संगीतानंतर ऑपेरा संपतो तो प्लेगल वळणावर.