‘जाता जाता एवढं करून द्या’

फ्रीलान्सरचं काम एका दिवसात वाढत नाही. ते ‘जरा’ आणि ‘तेवढं’ या दोन शब्दांनी वाढतं. एखाद्या कंपनीची गृहपत्रिका मांडून देणाऱ्या मांडणीकाराला आधी निरोप येतो, ‘मॅडम, गुढीपाडव्याची एक शुभेच्छांची पोस्ट तेवढी करून द्या.’ मग अक्षय्य तृतीया येते, महाराष्ट्र दिन येतो, संचालकांचा वाढदिवस येतो आणि त्या वाढदिवसाचा फ्लेक्सही येतो. आपल्याकडे सणावारांना तोटा नाही. प्रत्येक वेळी काम अर्ध्या तासाचंच असतं, त्यामुळे बिल लावायला जीव धजत नाही. सहा-आठ महिन्यांनी मात्र मूळ कामाइतकंच दुसरं काम फुकट चाललेलं असतं. मग एका रात्री संतापून पत्र लिहिलं जातं, आणि नेमकं तेच पत्र चुकतं.

कुठे चुकतं ते पाहायला एक नमुना घेऊ. यातली माणसं आणि कंपनी कल्पनेतली आहेत, हिशेब मात्र या धंद्यात रोज दिसणारा आहे. पुण्यातल्या एका मांडणीकार बाईंनी जानेवारीत ई-मेलवर काम ठरवलं. दरमहा 24 पानांचा अंक, 15,000 रुपये, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, बिल दिल्यापासून 15 दिवसांत पैसे आणि दोन्हीकडून 30 दिवसांची लेखी सूचना देऊन काम थांबवण्याची मुभा. एप्रिलपासून अंक 32 पानांचा झाला. दुरुस्त्या दोनवरून पाचवर गेल्या. शिवाय 22 सणांच्या पोस्ट झाल्या. जुलै आणि ऑगस्टचं बिलही अडकलं.

पहिला मसुदा त्यांनी रात्री अकराला लिहिला. ‘तुम्ही माझा गैरफायदा घेतलात’, ‘माणुसकी म्हणून काही असते की नाही’ अशी वाक्यं त्यात होती आणि शेवटी ‘आजपासून काम बंद’. मन मोकळं करायला हे ठीक आहे. पण करारात 30 दिवसांची सूचना असताना ‘आजपासून बंद’ लिहिलं की करार मोडणारी बाजू फ्रीलान्सरचीच ठरते. सप्टेंबरचा अंक ऐनवेळी दुसऱ्याकडून जास्त पैसे देऊन करून घ्यावा लागला, तर तो फरक मागायला कंपनीला 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 73 वं कलम उपलब्ध आहे. ज्याचे पैसे थकलेत त्यानेच भरपाई द्यायची, अशी उलटी वेळ येऊ शकते. बिलं थकवून कंपनीने आधीच करार मोडला, असा युक्तिवाद करता येतो. पण तो वकील लावून करायचा असतो, आणि 55,000 रुपयांच्या वसुलीसाठी तो खटाटोप कुणाला परवडणार?

म्हणून पत्राआधी हिशेब. तो तीन ढिगांत पडतो. पहिला ढीग निर्विवाद आहे: जुलै-ऑगस्टच्या दोन अंकांचे 30,000. दुसरा वाढीव पानांचा. 24 पानांना 15,000 म्हणजे पानामागे 625 रुपये. एप्रिल ते ऑगस्ट पाच अंक, दर अंकात आठ पानं जास्त, म्हणजे 40 पानांचे 25,000. बाईंनी 8 एप्रिलला ई-मेल केली होती, ‘वाढीव पानांचे पानामागे 625 रुपये होतील.’ उत्तर आलं, ‘ठीक आहे, आधी अंक जाऊ द्या, मग बघू.’ या उत्तरात होकार आहे की टाळाटाळ, यावर दोन वकील दिवसभर भांडतील. पण करार कायद्याचं 70 वं कलम इथे आधाराला येतं. एखाद्याने दुसऱ्यासाठी वैध काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायला हवा. पानं छापली गेली, वाटली गेली. लाभ तर घेतलाच. फुकट करायचा हेतू नव्हता, हे ती ई-मेल सांगते.

तरी या ढिगात एक भोक आहे. एप्रिल, मे आणि जूनची बिलं बाईंनी सवयीने 15,000 चीच पाठवली होती आणि ती चुकतीही झाली. ‘तुम्हीच एवढं मागितलंत’, असं कंपनी म्हणू शकते. त्या तीन महिन्यांच्या 24 पानांची मागणी त्यामुळे बाद होत नाही, पण लंगडी पडते. तडजोड करायची वेळ आली तर सोडायचे पैसे कुठले, ते इथे आधीच कळतं.

तिसरा ढीग सणांच्या पोस्टचा. त्यांचा दर कधी बोललाच गेला नव्हता. उलट पहिल्या पोस्टसोबत बाईंनीच लिहिलं होतं, ‘ही माझ्याकडून!’ सोबत फुलांचं चित्र. 70 व्या कलमातला ‘फुकट करण्याचा हेतू नव्हता’ हा भाग तिथेच गळतो. हा ढीग पत्रातून वगळणंच शहाणपणाचं. पक्क्या मागणीच्या शेजारी कच्ची मागणी ठेवली की समोरचा बोलतो कच्चीवरच, आणि पक्कीचे पैसे त्या वादात अडकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेलं पत्र असं झालं:

‘दिनांक 1 सप्टेंबर. विषय: गृहपत्रिकेचे काम थांबवण्याबाबत 30 दिवसांची सूचना.

महोदय, 10 जानेवारीच्या ई-मेलने ठरलेल्या अटींनुसार मी आपल्या गृहपत्रिकेचे काम थांबवत आहे. 1 ऑक्टोबर हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस असेल.

या मुदतीत सप्टेंबरचा अंक ठरल्याप्रमाणे 24 पानांचा, दोन दुरुस्त्यांसह पूर्ण करून देईन. त्यासाठी मजकूर व छायाचित्रे 12 सप्टेंबरपर्यंत मिळावीत. याहून जास्त पाने किंवा इतर काम हवे असल्यास दर आधी लेखी ठरवून व निम्मी रक्कम आगाऊ घेऊन करता येईल.

आजअखेर येणे रक्कम 55,000 रुपये आहे. त्यात जुलै व ऑगस्टच्या अंकांचे 30,000 आणि 8 एप्रिलच्या ई-मेलमधील दराने 40 वाढीव पानांचे 25,000 आहेत. बिले सोबत जोडली आहेत. रक्कम 15 सप्टेंबरपर्यंत जमा करावी.

छपाईच्या सर्व फायली आपल्याला त्या त्या वेळी दिल्या आहेत. पुढील मांडणीकारास उपयोगी पडाव्यात म्हणून ओपन फायली पूर्ण रक्कम जमा झाल्यापासून तीन दिवसांत देईन. कळावे.’

पत्रात गैरफायदा हा शब्द नाही, माणुसकी नाही, आणि काम का सोडतेय तेही नाही. कारण सांगायचं बंधन करारात नव्हतं. सांगितलं असतं तर त्यावर वाद घालायची सोय झाली असती. ‘30 दिवसांनी’ एवढंच न म्हणता तारीख लिहिली आहे, कारण 30 दिवस पत्र पाठवल्यापासून की मिळाल्यापासून, हा वाद हमखास निघतो. म्हणून पत्र त्याच दिवशी ई-मेलने गेलं आणि प्रत स्पीड पोस्टने. करारात सूचनेची अट नसतीच, तर रास्त मुदत द्यावी लागते. मासिकाच्या कामात ‘रास्त’ म्हणजे हातातला अंक पुरा होईल इतकी.

सूचनेच्या मुदतीबद्दलचा परिच्छेद सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बहुतेकांचं पत्र इथे ढिलं पडतं. ‘या काळात सहकार्य करीन’ असं मोघम लिहिलं की शेवटच्या महिन्यात वर्षभराचं काम उरकून घेतलं जातं: राहिलेली माहितीपत्रकं, दिवाळीची पोस्ट, जुन्या अंकांचं एकत्रीकरण. 24 पानं आणि दोन दुरुस्त्या हे आकडे पुन्हा लिहिल्यामुळे एप्रिलपासून मळलेली वाट बंद होते. मजकुराची तारीखही त्यासाठीच. मजकूर 28 सप्टेंबरला आला तर अंक रखडल्याचं खापर बाईंच्या माथी फुटायला नको.

ओपन फायलींची गोष्ट थोडी नाजूक. छापखान्याला जाते ती पीडीएफ, आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली, बदल करता येणारी ती ओपन फाइल. ती देण्याचं जानेवारीत ठरलंच नव्हतं. त्यामुळे ती रोखणं म्हणजे कुणाची वस्तू अडकवणं नव्हे; पैसे चुकते केले तर मिळणारी ती एक जादा सोय आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. निव्वळ बिल चुकतं झालं म्हणून तो आपोआप सरकत नाही. कंपनीचा मजकूर, छायाचित्रं आणि बोधचिन्ह मात्र कंपनीचंच, ते परत मागितलं तर द्यायलाच हवं. विकत घेतलेले फाँट परवान्यावर असतात, ते फायलीसोबत देता येत नाहीत. हे आधी सांगितलं नाही, तर नव्या मांडणीकाराच्या पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी चौकोन उमटतात आणि ‘मुद्दाम बिघडवून दिलं’ अशी बोंब होते.

पत्रानंतर फोन येतो, हे ठरलेलं. ‘अहो ताई, एवढं काय मनाला लावून घेता? पैसे कुठं पळून जातात का?’ बाईंनी ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत दोन ओळींची ई-मेल टाकली: ‘आत्ता फोनवर आपण म्हणालात की जुलै-ऑगस्टचे 30,000 रुपये या आठवड्यात जमा होतील. सूचनेची मुदत व उरलेली मागणी कायम आहे.’ फोनवरचा गोडवा असा कागदावर उतरवून घ्यावा लागतो. ‘दर वाढवून देतो, थांबा’ असं कंपनी म्हणाली तरी तोवर सूचना मागे घ्यायची नाही. नवा दर, पानं आणि दुरुस्त्या लेखी आल्या की मग पाहायचं.

एवढं करून पैसे आले नाहीत तर? बाईंची उद्यम नोंदणी होती. ती एकट्या फ्रीलान्सरलाही करता येते, फी नाही, आधार आणि पॅन पुरतात. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. नोंदणी कामाआधीची असावी; काम झाल्यावर केलेल्या नोंदणीवरून बरीच प्रकरणं कोर्टात अडली आहेत. पहिल्याच पत्रात हा कायदा काढायची गरज नसते. कंपनीच्या हिशेबनिसाला बिलावरचा उद्यम क्रमांक दिसला तरी तो दचकतो, कारण मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

बाईंचे 30,000 सहा सप्टेंबरला आले. वाढीव पानांवर घासाघीस झाली. जुलै-ऑगस्टच्या 16 पानांचे 10,000 पूर्ण मिळाले. आधीच्या 24 पानांचे 15,000 मागितले होते, त्यातले 7,500 सुटले. 24 पानांचा सप्टेंबरचा अंक 29 तारखेला छपाईला गेला, त्याचं बिल त्याच दिवशी. ठरलेले पैसे चुकते झाल्यावर ओपन फायली तीन दिवसांत पोचल्या.

दोन ऑक्टोबरला सकाळी सव्वासातला बाईंच्या फोनवर निरोप आला: ‘मॅडम, गांधी जयंतीची एक पोस्ट तेवढी.’ त्यांनी चहा संपवला आणि उत्तर लिहिलं, ‘नमस्कार. एका पोस्टचे 800 रुपये, आगाऊ. जमा झाल्यापासून दोन तासांत मिळेल.’