कॉल लागतो, पण मेसेज जात नाही

माझ्या मावशीचं यूपीआय अ‍ॅप काही केल्या सुरू होईना. नोंदणी करताना हे अ‍ॅप आपल्याच फोनवरून एक साधा मेसेज पाठवतं, आणि तोच दर वेळी अडकत होता. "अरे, रेंज तर पूर्ण आहे. आत्ताच तुझ्या आईशी बोलले," मावशी म्हणाली. बँकेचे मेसेजही येत होते. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालत असल्यामुळे साधा मेसेज पाठवून मात्र तिला कित्येक महिने झाले होते.

कॉल म्हणजे समोरच्याशी थेट जोडणी. मेसेज तसा जात नाही. तो आधी मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात पोचतो, तिथे ठेवला जातो आणि समोरचा फोन सापडला की पुढे धाडला जातो. टपाल कचेरीसारखंच हे. या केंद्राचा नंबर सहसा सिममध्ये लिहिलेला असतो. तो पुसला गेला किंवा चुकला, तर कॉल लागत राहतात, मेसेज तेवढे अडतात. येणारे मेसेज पाठवणाऱ्याच्या केंद्रातून येतात, म्हणून त्यांना काही होत नाही. मेसेज येतात, पण कुणालाच जात नाहीत, ही या बिघाडाची खूण. एकाच नंबरला जात नसेल, तर कारण वेगळं.

त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. रोजचे शंभर मेसेज संपले असतील आणि शिल्लक नसेल, तर पुढचा जात नाही. सिम बदलून घेतलं असेल, तर सुरक्षेसाठी पहिले 24 तास मेसेज बंदच ठेवतात.

मावशीचा फोन अँड्रॉइडचा. डायल पॅडवर हा कोड टाकला:

```
*#*#4636#*#*
```

त्यात Phone information उघडून खाली SMSC समोरचं Refresh दाबलं. +91 दिसलं, पण पुढे दहाऐवजी आठच आकडे. सगळ्याच फोनवर हा कोड चालत नाही; काहींत मेसेजच्या सेटिंगमध्येच संदेश केंद्राचा नंबर दिसतो. आयफोनवर हा कोड टाकून कॉलचं बटण दाबायचं:

```
*#5005*7672#
```

बरोबर नंबर ग्राहक सेवेकडूनच घ्यावा. शेजाऱ्याचा पाहून लिहायचा असेल, तर कंपनी आणि सर्कल दोन्ही एकच हवीत. मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेल्या महाराष्ट्राचं गोव्यासकट वेगळं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. परगावी गेल्यावर मात्र तो बदलू नये. आपल्या सिमचं केंद्र तेच राहतं.

नवा नंबर +91 सकट लिहून Update दाबलं, तरी फोन घेईना. काही फोनना तो साध्या आकड्यांत चालत नाही. मग मावशीचा जुना बटणांचा फोन काढला, सिम त्यात घातलं, मेसेजच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर दुरुस्त केला आणि सिम परत नव्या फोनमध्ये टाकलं. तिच्याच नंबरवर एक मेसेज पाठवला. चार-पाच सेकंदांत तो तिच्याकडेच परत आला.