गोठ्यातील गोचिडांसाठी परवानगीचे पत्र

पदव्युत्तर प्रबंधासाठी गोठ्यांतून गोचीड गोळा करायचे असतील, तर मार्गदर्शक प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रात विनंती एका ओळीची आणि कामाची आखणी सविस्तर असते. कुठून, कोणत्या जनावरांवरून आणि कशा रीतीने गोळा करणार, हे पाहूनच परवानगी मिळते.

‘गोठ्यातून’ एवढेच लिहून भागत नाही. गायीगुरांवर सर्रास आढळणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड अळीपासून प्रौढ होईपर्यंत सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहतो. हायलोमा अ‍ॅनाटोलिकम मात्र यजमान बदलतो आणि मधल्या काळात गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत दडतो. फक्त जनावरे तपासली, तर दुसऱ्या जातीचे प्रमाण कमी दिसते. म्हणून पत्रात अंग आणि भिंती असे दोन्ही उल्लेख हवेत.

समजा, विषय गावातील गायी-म्हशींवरील गोचिडांच्या जाती असा आहे. पत्राचा मुख्य मजकूर असा होईल: “आदरणीय सर, प्रबंधासाठी पाच गोठ्यांतील प्रत्येकी चार जनावरांवरून आणि भिंतींच्या भेगांतून गोचीड गोळा करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. दर पंधरवड्याला सकाळी धारेच्या वेळी जाईन. कान, मानेखालची पोळी, कास आणि शेपटीचे बूड तपासेन. गोचीडनाशक शेवटचे कधी फवारले, याची मालकाकडून नोंद घेईन.” ही शेवटची नोंद महत्त्वाची, कारण आदल्या आठवड्यात फवारलेल्या गोठ्यात गोचीड कमी सापडले म्हणजे तिथे ते मुळातच कमी असतात, असे नव्हे.

पद्धतही पत्रात लिहावी. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायचा. पिळला किंवा हिसकला, तर तोंडाचा भाग कातडीत तुटून राहतो. जात ओळखण्याच्या मुख्य खुणा तिथेच असल्याने असा नमुना बऱ्याचदा वाया जातो. नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. कुपीतील चिठ्ठी पेन्सिलने लिहितात, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. प्रत्येक जनावराची कुपी वेगळी असते.

सुरक्षिततेचा परिच्छेद टाळता येत नाही. हायलोमा गोचिडांमुळे क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप पसरू शकतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यात आढळलेला क्यासनूर फॉरेस्ट रोग, म्हणजे माकडताप, हेमाफायसॅलिस गोचिडांमुळे पसरतो. त्यामुळे हातमोजे, पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि परतल्यावर अंगाची तपासणी यांचा उल्लेख करावा. गोचीड नखाने चिरडायचा नाही, कारण त्याच्या शरीरातील द्रवातूनही संसर्ग होऊ शकतो.

प्राध्यापकांची सही म्हणजे गोठ्याच्या मालकाची संमती नव्हे. ती स्वतंत्र घ्यावी लागते. काम जिवंत जनावरांवर असल्याने संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागेल का, हेही याच पत्रात विचारावे. जनावर आवरायला मालक किंवा गुराखी हजर राहील आणि ते बुजले तर त्या दिवशी त्याला सोडून दिले जाईल, हे शेवटी नमूद करावे.