एकोणसाठ की एकोणसत्तर?

परळच्या आमच्या वसतिगृहात त्या रात्री चटईवर तीन लॅपटॉप मांडले होते. सकाळी नऊला हॅकेथॉन. आमच्या रोबोचं सॉफ्टवेअर उबुंटूवर चालायचं आणि तिघा मित्रांकडे फक्त विंडोज. आधी हे काम केलेला मी एकटा, म्हणून पेनड्राइव्ह माझ्या हाती.

पहिला लॅपटॉप तासाभरात झाला. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्हची 60 जीबी जागा मोकळी केली आणि तिथे उबुंटू बसवलं. दुसऱ्याला घाई नडली. पेनड्राइव्हवरून बूट होईना, म्हणून मी बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. पुन्हा सुरू करतो तर निळा पडदा: बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की टाका. मित्राचा चेहरा उतरला. त्याचा सगळा प्रोजेक्ट आत होता.

विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिचं कुलूप टीपीएम नावाची चिप उघडते. सिक्युअर बूटची स्थिती बदललेली दिसली, की ती उघडत नाही. मी ते परत चालू केलं असतं तर बहुधा काम भागलं असतं, पण हे मला नंतर कळलं.

किल्लीची प्रत खात्यात असते. पण कुणाच्या? लॅमिंग्टन रोडवरून आणलेला हा लॅपटॉप सुरू करून दिला होता मित्राच्या लालबागच्या मामेभावाने, स्वतःच्या ईमेलवरून. गणपती जवळ आलेले, त्यामुळे रात्री दोनलाही दादा मंडपात जागा होता. त्याने मोबाइलवर खातं उघडलं आणि हातोड्यांच्या आवाजात सहा-सहा अंकांचे आठ गट वाचायला लागला.

पाचव्या गटाला पडदा अडला. आम्ही 365969 टाकलं होतं.

“दादा, शेवटचे एकोणसत्तर ना?”

“नाही रे, एकोणसाठ! पाच, नऊ!”

365959 टाकलं आणि गट स्वीकारला गेला. यामागे साधं गणित आहे. या किल्लीतल्या प्रत्येक गटाला 11 ने नि:शेष भाग जातो. 365959 ला जातो, 365969 ला जात नाही. म्हणून एक अंक चुकला तरी नेमका कुठला गट चुकला ते लगेच कळतं.

विंडोज उघडल्यावर आधी एन्क्रिप्शन बंद केलं, ते पूर्ण उतरेपर्यंत थांबलो आणि मगच जागा मोकळी केली. तिसऱ्या लॅपटॉपवर बायॉसला हात लावण्याआधी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे दिलं:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
```

पहिल्या ओळीने एन्क्रिप्शन आहे का ते कळतं, दुसरीने 48 अंक दिसतात. ते आम्ही वहीत उतरवले. तुम्हीही ड्युअल बूटला बसाल तेव्हा पेनड्राइव्ह लावण्याआधी ते कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद त्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.