मे महिन्यात अहमदाबाद कसं बघावं

शाळेची सुट्टी उन्हाळ्यातच पडते, त्यामुळे घरची सहलही भर उन्हातच निघते. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे अहमदाबाद येतं. तिथलं तटबंदीतलं जुनं शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून मराठी कुटुंबंही तिकडे वळू लागली आहेत. मात्र मे महिन्यात हे शहर अंगावर येऊ शकतं. २० मे २०१६ रोजी इथे पारा ४८ अंशांवर गेला होता. त्याआधी २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्या धक्क्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा आखला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यात रंगांचे इशारे असतात आणि ४५ अंश किंवा त्यावर लाल इशारा दिला जातो. पाहुण्यांनीही हाच इशारा मानावा. लाल असेल त्या दिवशी सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास आणि रात्र एवढीच बाहेर काढावी, बाकीचं सोडून द्यावं.

फोनवर दिसणारा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेला असतो. ४३ अंश लिहिलेलं असेल तेव्हा उन्हातल्या फरसबंदीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याहून बरंच जास्त सोसावं लागतं.

बहुतेकांची वेळापत्रकं चुकतात ती ‘बाराचं ऊन’ एवढंच टाळल्यामुळे. अहमदाबाद देशाच्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या थोडं पुढे. मेच्या अखेरीस तर तो जवळजवळ डोक्यावरच असतो आणि सावली पायाखाली गोळा होते. त्वचा भाजणारे किरण तेव्हा सर्वांत तीव्र असतात. हवा मात्र अजून तापतच असते, ती कळसाला पोहोचते तीन-चारच्या सुमाराला. दगड आणि काँक्रीट यांचं तर आणखी वेगळं. दिवसभर प्यायलेली उष्णता ते सूर्य मावळल्यावरही तास-दोन तास बाहेर टाकत राहतात. म्हणून संध्याकाळी पाचला ऊन कललेलं दिसतं, पण पश्चिमेच्या भिंतीजवळून चालताना कानाची पाळी तापते. पहाटे हवाही निवलेली असते आणि दगडही. सकाळचा एक तास संध्याकाळच्या दोन तासांना भारी पडतो असं मला ठामपणे वाटतं.

आता एक कुटुंब घेऊ. सत्तरीची आजी, आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. मुंबईची माणसं म्हणजे घामाला सरावलेली, पण कोरड्या ४३ अंशांना नाही. नव्या उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. दोन-तीन दिवसांच्या सहलीत तो सराव होणं शक्यच नाही. त्यात रात्रीच्या प्रवासात झोप अर्धवट झालेली असते. म्हणून गाडी पहाटे पोहोचली तरी पहिल्या दिवशी सकाळी काही बघायला जाऊ नये. अंघोळ, नाश्ता, झोप, आणि बाहेर पडायचं ते थेट सूर्यास्तानंतर, म्हणजे साडेसातच्या पुढे. रिव्हरफ्रंटवर जायचं तर याच वेळी, कारण दिवसा तिथे काँक्रीट फार आणि सावली थोडी. मग माणेकचौक. दिवसा सोन्याचांदीचा बाजार असलेला हा चौक रात्री खाण्याच्या गाड्यांनी भरतो.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून चालायला सुरुवात करावी. तिथून जामा मशिदीपर्यंत महापालिकेची वारसा फेरीही सकाळी निघते. तिची त्या महिन्यातली वेळ आधी विचारून घ्यावी, आणि ती उशिराची वाटली तर आपलं आपण निघावं. वाट जाते पोळांमधून. पोळ म्हणजे एका तोंडाची, दाराने बंद होणारी जुनी वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. घराच्या मधोमध उघडा चौक असतो, त्यातून तापलेली हवा वर निघून जाते, आणि खाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं असतं. उन्हाळ्यात हे शहर बघण्यात एक खरा लाभ आहे तो इथे. हे सगळं का बांधलं, ते या दिवसांत अंगाला कळतं. साडेआठपर्यंत १४२४ मध्ये बांधलेल्या जामा मशिदीच्या प्रांगणात पोहोचायचं आणि साडेनऊच्या आत खोलीवर परत यायचं. दहा ते साडेपाच बाहेर काहीही ठेवू नये. ‘वाटेत आहे तर बघून टाकू’ या वाक्याने या शहरात अनेकांचा दिवस बिघडतो.

तिसऱ्या सकाळी अडालजची वाव. शहरापासून साधारण अठरा किलोमीटर, पंधराव्या शतकाच्या अखेरची, पाच मजले खोल. उतरताना दर मजल्यावर गारवा जाणवतो. पण त्या पायऱ्या परत चढायच्या असतात, आणि वर येताना गारव्यातून एकदम उन्हात तोंड निघतं. आजींनी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर सावलीत बसावं, तिथूनही कोरीवकाम छान दिसतं.

पाण्याबद्दल एक फसवणूक होते. मुंबईत घाम अंगावर राहतो, इथे तो फुटताक्षणी उडून जातो. ‘घामच येत नाही’ असं वाटतं, पण खोलीवर आल्यावर काळ्या शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. भरभर चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लीटरभर पाणी जाऊ शकतं. त्यामुळे तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी थांबून पाऊण-एक पेला पाणी प्यावं. मुलाला त्याच्या मानाने थोडं कमी. आजींना मात्र आठवण करून द्यावीच लागते, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. प्रत्येकाची लीटरची बाटली वेगळी ठेवली तर कोण किती प्यालं हे नजरेला कळतं. सामाईक बाटलीत ते कधीच कळत नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. ती गडद झाली किंवा सकाळपासून झालीच नाही, तर पाणी कमी पडलं आहे.

उलट टोकही धोक्याचं असतं. तासाला दीड लीटरपेक्षा जास्त साधं पाणी घटाघटा प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण सुरू होतं. सकाळची फेरी झाली की ताक किंवा कैरीचं पन्हं, दोन्ही मीठ घातलेलं, हे उत्तम. गुजराती जेवणात ताक असतंच, ते मागून घ्यावं. ओआरएसची मोठी पुडी लीटरभर पाण्यात पूर्ण विरघळवायची आणि चोवीस तासांत संपवायची. अर्धी पुडी पेल्यात, असं अंदाजाने करू नये. पुडी नसेल तर लीटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. दुकानातल्या गोड, रंगीत डबाबंद पेयांत साखर फार आणि मीठ थोडं, त्यांना ओआरएस समजू नये. आजी रक्तदाबासाठी लघवीचं प्रमाण वाढवणारी गोळी घेत असतील, किंवा कुणाला हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाणी, मीठ आणि गोळ्या यांचं काय करायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

कपड्यांसाठी अहमदाबादच्या दुचाकीवरच्या बायकांकडे बघावं. लांब हातमोजे, चेहऱ्याभोवती ओढणी, डोळ्यांवर गॉगल. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा उघड्या अंगापेक्षा कितीतरी बरा. छत्री घ्यावी, ती डोक्याबरोबर खांद्यांवरही सावली धरते. सनस्क्रीन ३० एसपीएफ किंवा जास्त, चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांवर लांब रेघ ओढता येईल एवढं, निघण्याआधी वीस मिनिटं. हवा त्वचेपेक्षा गरम असते तेव्हा रिक्षात लागणारा वारा अंग निववत नाही, तापवतो. ओला पंचा मानेवर असेल तरच तो वारा उपयोगी पडतो. खिशातला कांदा काहीच करत नाही.

आणि मोजे. मंदिरात, मशिदीत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. नऊनंतर उघड्या प्रांगणातला दगड असा तापतो की मुलं टाचांवर उड्या मारत सावलीकडे पळतात. जाड सुती मोज्यांचा एक जोड प्रत्येकाच्या पिशवीत असावा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांना चटका कळतही नाही आणि फोड येऊन जातो, त्यांनी तर मोज्यांशिवाय जाऊच नये.

एवढं करूनही कुणाला त्रास होऊ शकतो. सुरुवात पोटरीत गोळे येण्याने, डोकं दुखण्याने होते. मग गरगरतं, मळमळतं, अंग घामाने चिकट आणि गार लागतं, चेहरा पांढुरका पडतो, नाडी जलद चालते. ही उष्णतेने आलेली ग्लानी. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत किंवा जवळच्या एसी दुकानात न्यावं, पाय उंच करून झोपवावं, कपडे सैल करावेत, अंग ओलं करून वारा घालावा, ओआरएस घोट घोट द्यावं. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर दवाखाना गाठावा.

उष्माघात ओळखायचा तो वागण्यातल्या बदलावरून. आजी अचानक चिडचिड करू लागल्या, भलतंच बोलू लागल्या, जीभ जड झाली, कुठे आहोत ते सांगता येईना, झोक जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच समजून चालावं. शरीराचं तापमान तेव्हा चाळीसच्या वर गेलेलं असतं. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. चालून चालून दमलेल्या माणसाला उष्माघातातही घाम असू शकतो. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नये. अंगावर मिळेल तेवढं गार पाणी ओतत राहावं, जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. पूर्ण शुद्ध नसलेल्याला पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

साधी ग्लानी येऊन तासाभरात बरं वाटलं, तरी त्या माणसाची पुढची सकाळही खोलीतच जावी. एकदा तापलेलं शरीर पुढचे काही दिवस उन्हाला लवकर हार खातं. अशा वेळी दोघांनी वाव बघून यावी, एकाने सोबत थांबावं.